२५२ सीएफएम, पण किती बारला?

*आमची कंपनी भोसरीत स्क्रू कॉम्प्रेसर बनवते. मी ॲप्लिकेशन इंजिनिअर आहे, सेल्सला नऊ जण आहेत. दोन महिने खपून मी पाच स्पर्धकांचा ७२ ओळींचा तुलना तक्ता एक्सेलमध्ये केला. आमच्या रकान्यात बहुतेक हिरव्या टिका आहेत. पण तो कोणी उघडतच नाही. मागच्या महिन्यात ३७ किलोवॅटच्या दोन ऑर्डरी गेल्या. समोरच्या कंपनीचा माणूस म्हणाला, "तेवढ्याच मोटरमध्ये आमची हवा ११ टक्के जास्त." त्यांच्या ब्रोशरवर २५२ सीएफएम आहे, आमच्या २२६. आमचा मुलगा गप्प बसला. साहेब म्हणतात, तक्ता बाजूला ठेव आणि स्पर्धकाच्या दाव्याला काय उत्तर द्यायचं ते सांगणारी छोटी बॅटलकार्डं कर. ७२ ओळी कार्डावर बसवायच्या कशा? आणि असा खोटा दावा तिथल्या तिथे खोटा कसा ठरवायचा?*

'खोटा' हा शब्द आधी बाजूला ठेवू, कारण तो बहुधा खोटा नाही. स्पर्धक सरळ थापा मारतोय, अशी वेळ माझ्या वीस वर्षांच्या सेल्समध्ये फार क्वचित आली. बहुतेक वेळा त्याचा आकडा खरा असतो, आपलाही खरा असतो, फक्त दोन्ही वेगवेगळ्या परिस्थितीत मोजलेले असतात. ब्रोशर छापणाऱ्याने परिस्थिती बारीक अक्षरात तळाला टाकलेली असते आणि ग्राहकासमोर दोन मोठे आकडे तेवढे उरतात. तुमचा मुलगा गप्प बसला, कारण खोटं ठरवायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याला खरं तर एक प्रश्न हवा होता.

तो प्रश्न कुठून येतो, ते तुमच्याच आकड्यांवर पाहू. २५२ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे ७.१४ घनमीटर हवा. मोटर ३७ किलोवॅट. भागाकार केला तर दर घनमीटरमागे ५.१८ किलोवॅट येतात. तुम्ही इंजिनिअर आहात, इथेच तुमची भुवई वर जायला हवी. सात बारपर्यंत हवा दाबायला, उष्णतेची देवघेव नाही आणि कुठलंही नुकसान नाही असं पुस्तकी आयसेंट्रॉपिक गणित केलं, तरी दर घनमीटर-मिनिटाला सुमारे ४.७ किलोवॅट लागतात. म्हणजे ५.१८ हा आकडा खरा मानला तर अख्ख्या पॅकेजची कार्यक्षमता नव्वदच्या वर जाते. या मापाच्या एका टप्प्याच्या स्क्रूमध्ये ती सत्तरीत असते. मग चूक कुठे आहे? हवेच्या आकड्यात असेलच असं नाही. चूक भागाकारात आहे. ३७ हा मोटरच्या शाफ्टवरचा नाममात्र आकडा. मीटरमधून जाणारी वीज त्याहून जास्त असते: मोटरचं नुकसान, कूलिंग फॅन, आणि मोटर नेमप्लेटपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त भारावर चालवण्याची मुभा. या मुभेला सर्व्हिस फॅक्टर म्हणतात, तिचा वापर सगळेच करतात. तुम्हीही करत असाल.

म्हणून विचारायचा आकडा एकच: पॅकेज इनपुट पॉवर, म्हणजे पूर्ण भारावर अख्खं मशीन मीटरमधून किती किलोवॅट ओढतं. तोही कोणत्या दाबाला ते सांगून, आणि आयएसओ १२१७ प्रमाणे मोजलेला. स्थिर वेगाच्या पॅकेजसाठी त्या मानकाचं परिशिष्ट सी लागतं, बदलत्या वेगाच्या मशीनसाठी परिशिष्ट ई. नीट काम करणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे ही डेटाशीट असते. ब्रोशरवर नसली तरी मागितली की मिळते.

समजा त्यांची शीट हातात आली आणि तिच्यावर ७ बारला २५२ सीएफएम व ४६.५ किलोवॅट असं लिहिलंय. तुमची शीट ७.५ बारला २२६ सीएफएम आणि ४३.५ किलोवॅट दाखवते. (हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला.) आता दोघांना एका दाबावर आणायचं. सातच्या आसपास दर एक बारमागे वीज साधारण ६ ते ७ टक्के बदलते, आणि स्क्रूची हवा मात्र दाब थोडा कमी केला तरी फारशी बदलत नाही. अर्धा बार खाली आणला तर तुमचे ४३.५ जवळपास ४२ होतात. तुमची हवा मिनिटाला ६.४ घनमीटर, म्हणजे दर घनमीटरमागे ६.५६ किलोवॅट. त्यांचे ४६.५ भागिले ७.१४, म्हणजे ६.५१.

ते तुमच्यापेक्षा किंचित चांगले निघाले. पण हा फरक एक टक्क्याच्याही आत आहे, आणि या आकाराच्या मशीनसाठी त्याच मानकात हवेच्या मापाला ५ टक्के आणि दर घनमीटरच्या विजेला ६ टक्के सूट आहे. म्हणजे कागदावर दोघं बरोबरीत. 'तेवढ्याच मोटरमध्ये ११ टक्के जास्त हवा' हे वाक्य अक्षरशः खरं आहे, फक्त त्या हवेबरोबर वीजही ११ टक्के जास्त जाते. तुमच्या माणसाने "ते खोटं बोलतात" असं म्हटलं असतं, तर ग्राहकाने त्यांची शीट पुढे सरकवली असती आणि तुमचा माणूस तिथेच संपला असता. माझं असं झालेलं आहे. चाकणच्या एका कारखान्यात मी स्पर्धकाच्या ड्रायरचा दवबिंदू चुकीचा सांगितला आणि मेंटेनन्सच्या साहेबांनी ड्रॉवरमधून त्यांचा टेस्ट रिपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवला. कार्डावर तो आकडा मीच छापला होता. वर्षापूर्वीच्या कॅटलॉगमधून.

बरोबरी असेल तर ऑर्डर कशावर ठरते? ग्राहकाला हवा किती लागते, यावर. आणि हा प्रश्न तुमच्या ७२ ओळींत कुठेच नसणार, कारण तक्ता मशीनचा आहे, ग्राहकाचा नाही. धरा, त्याची सरासरी गरज १७० सीएफएम आहे. तुमचं मशीन तीन चतुर्थांश वेळ लोडवर राहील, उरलेला वेळ अनलोड. त्यांचं मशीन मोठं, म्हणून लोडवर दोन तृतीयांशच वेळ. अनलोडला स्क्रू हवा देत नाही, पण फिरत राहतो आणि पूर्ण भाराच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज खातो. आपण २७ टक्के धरू. तुमची सरासरी ३४.४ किलोवॅट येते, त्यांची ३५.४५. वर्षाला सहा हजार तास आणि युनिट नऊ रुपये धरलं तर वर्षाला सुमारे ५७ हजार रुपये तुमच्या बाजूने. प्रत्यक्षात थोडा फरक पडेल, कारण अनलोडला गेल्यावर मशीनमधला दाब उतरायला वेळ लागतो आणि रिसीव्हर लहान असेल तर तेवढ्यात मशीन परत लोडवर येतं. पण दिशा हीच राहते. मोठं मशीन, कमी वापर, जास्त अनलोड.

आता याच गणिताची दुसरी बाजू. ग्राहकाची गरज २३५ असेल, किंवा तो दिवाळीनंतर दोन सीएनसी वाढवणार असेल, तर तुमचं २२६ वालं मशीन त्याला पुरणारच नाही. तिथे त्यांचं मशीन योग्य, आणि तुम्ही एक आकार वर जाऊन कोटेशन द्यायला हवं. तुमच्या दोन गेलेल्या ऑर्डरींपैकी एखादी कदाचित अशीच असेल. हे कळल्याशिवाय कार्डाला हात लावू नका.

आता तक्त्याकडे. साहेब म्हणतात तो बाजूला ठेव, माझं म्हणणं उलट आहे. तक्ता हवाच, पण तो सेल्सच्या लोकांसाठी नाही, तो तुमच्यासाठी आहे. त्यांनी तो उघडला नाही यात त्यांचा आळस शोधू नका. ग्राहकाच्या केबिनमध्ये, चहा येतोय तेवढ्यात, मोबाईलवर ७२ ओळी आणि पाच रकाने कोण उघडेल? तक्ता ही तुमची खतावणी, तिच्यातून कार्ड निघतं. आणि खतावणीत हिरव्या टिका नसतात. टीक म्हणजे कोणीतरी आधीच निकाल देऊन टाकलाय. 'ऊर्जाबचत: आम्ही ✓, ते ✗' ही ओळ कशी तपासायची? उद्या त्यांनी नवीन एअरएंड, म्हणजे हवा दाबणारा स्क्रूचा भाग, आणला तर ही टीक चुकली हे कोणाला कळेल?

ओळी आधी कापा. मी तुमच्या जागी असतो तर गेल्या सहा महिन्यांत ग्राहकाच्या तोंडून प्रत्यक्ष आलेले दावे लिहून काढले असते. नऊ सेल्सवाल्यांना एकेक फोन केला, दहा-दहा मिनिटं, तर यादी हातात येते. माझा अंदाज, सात-आठच्या वर वेगळे दावे निघणार नाहीत: हवा जास्त, वीज कमी, एअरएंडला दहा वर्षांची वॉरंटी, तेल आठ हजार तास, सर्व्हिस चोवीस तासांत, किंमत कमी, आणि हल्ली सगळीकडे व्हीएफडी, म्हणजे गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारी ड्राईव्ह. तक्त्याच्या ओळी या दाव्यांतूनच यायला हव्यात. कॅबिनेटचा रंग आणि डिस्प्लेचा आकार गेला तरी चालेल. पाच स्पर्धकही नकोत. ज्या दोघांसमोर तुम्ही खरोखर उभे राहता, तेवढ्यांपासून सुरू करा.

मग प्रत्येक चौकटीत आकड्याबरोबर तीन गोष्टी ठेवा: तो कोणत्या परिस्थितीत मोजलाय, कुठून आला, आणि कधी पाहिला. हवेच्या ओळीत '२५२' एवढंच लिहिलं की तो आकडा अनाथ होतो. '२५२ सीएफएम, ७ बार, त्यांची डेटाशीट, ऑगस्टमध्ये पाहिली' असं लिहिलं की त्याला पाय फुटतात. 'कुठून आला' यात मी तीनच दर्जे ठेवायचो. पहिला छापील, म्हणजे त्यांची डेटाशीट, ब्रोशर, वेबसाईट, जेम पोर्टलवरची त्यांची नोंद. दुसरा ग्राहकाने सांगितलेला. तिसरा आपला अंदाज. तक्त्यात तिन्ही चालतात. कार्डावर फक्त पहिला जातो. हा एकच नियम मी ड्रायरच्या प्रसंगानंतर कधी मोडला नाही.

तारखेचा रकाना ठेवलात तर शिळे आकडे एक्सेल स्वतःच दाखवेल. समजा तारीख G रकान्यात आहे आणि डेटा दुसऱ्या ओळीपासून. ओळी निवडा, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे सूत्र टाका आणि रंग पिवळा द्या:

```
=TODAY()-$G2>90
```

नव्वद दिवसांहून जुनी ओळ पिवळी होईल. पिवळ्या ओळीवर उभं असलेलं कार्ड, ती ओळ पुन्हा तपासेपर्यंत, वापरातून काढायचं. रिकाम्या तारखेची ओळही या सूत्राने पिवळी होते, आणि तेच बरं.

कार्डाबद्दल तुमचा प्रश्न होता की ७२ ओळी कशा बसवू. बसवूच नका. एक कार्ड म्हणजे एक दावा. 'अमुक कंपनीविरुद्ध' असं कार्ड केलं की त्यात पुन्हा सगळं कोंबलं जातं आणि छोटा तक्ता तयार होतो. तुमच्या माणसाच्या कानावर कंपनीचं नाव पडत नाही, वाक्य पडतं. म्हणून कार्डाचं नावच ते वाक्य असू द्या, ग्राहक बोलतो त्याच शब्दांत. मोबाईलच्या एका स्क्रीनवर, अंगठ्याने न सरकवता, मावलं पाहिजे. तुमच्या या दाव्यासाठी मी असं लिहीन:

"तेवढ्याच मोटरमध्ये त्यांची हवा ११ टक्के जास्त"
मान्य करा: हो साहेब, त्यांचं ३७ चं मशीन जास्त हवा देतं.
विचारा: ती हवा देताना मीटरमधून किती किलोवॅट जातात, ते त्यांच्या शीटवर आहे का? आणि तुम्हाला सरासरी हवा किती लागते?
दाखवा: एका दाबावर दोघांची वीज दर घनमीटरमागे जवळपास सारखी. गरज १७० असेल तर मोठं मशीन जास्त वेळ रिकामं फिरतं.
थांबा: गरज २२० च्या वर असेल किंवा लवकरच वाढणार असेल, तर २२६ विकू नका. वरचा आकार कोट करा.

एवढंच. पहिली ओळ मान्य करण्याची आहे, हे तुमच्या साहेबांना कदाचित रुचणार नाही. त्यांना सांगा, समोर बसलेला मेंटेनन्सवाला पंचवीस वर्षं कॉम्प्रेसर पाहतोय. आपण खरं ते मान्य केलं की पुढचा प्रश्न तो ऐकून घेतो. नाकारलं की तो स्पर्धकाचा वकील होतो.

आणि 'थांबा' ही ओळ तर माझ्या मते कार्डातली सर्वांत मोलाची. सेल्सचे लोक कार्डांवर विश्वास ठेवत नाहीत त्याचं कारण हेच, की कार्ड नेहमी जिंकतं. त्यांना माहीत असतं की प्रत्यक्षात आपण कधी कधी हरतो. जे कार्ड कुठे हरायचं ते सांगतं, तेच खिशात राहतं. शिवाय २३५ ची गरज असलेल्याला २२६ गळ्यात मारलंत, तर सहा महिन्यांनी लाईनवर दाब पडतो, ग्राहक तुमच्याच सर्व्हिसच्या पोराला शिव्या घालतो, आणि तालुक्यातल्या दहा जणांना सांगतो.

दुसरं कार्ड व्हीएफडीचं करा, कारण तो दावा वरून सोपा आणि आतून अवघड आहे. "व्हीएफडी घेतलं की ३५ टक्के वीज वाचते." वाचू शकते, जर आताचं मशीन अर्धा वेळ अनलोडवर फिरत असेल. पण जिथे तीनही पाळ्यांत हवा जवळपास सारखी लागते आणि मशीन पूर्ण भाराजवळ चालतं, तिथे ड्राईव्ह स्वतःच दोन-चार टक्के वीज खाते आणि ग्राहक जास्त पैसे देऊन जास्त बिल भरतो. या कार्डावर आकडा टाकूच नका. प्रश्न टाका: "साहेब, चालू मशीनच्या कंट्रोलरवर एकूण तास आणि लोड तास बघूया का?" जवळजवळ प्रत्येक स्क्रू कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर हे दोन आकडे असतात. एकूण २० हजार आणि लोड १९ हजार असतील तर स्थिर वेगाचंच मशीन द्या. लोड ११ हजार असतील तर व्हीएफडीचं बोला, तुमच्याकडे असलं तर. आणि नसलं तर ते 'थांबा' ओळीत लिहा. तुमच्या माणसाने स्वतः पॅनेलपाशी जाऊन ते आकडे वाचले की चर्चा केबिनमधून कॉम्प्रेसर रूममध्ये जाते, आणि तिथे ब्रोशर कोणी उघडत नाही.

तक्त्यात मात्र स्थिर वेगाच्या मशीनची तुलना स्थिर वेगाच्याच मशीनशी करा, आणि व्हीएफडीची व्हीएफडीशी. समोरच्याचं व्हीएफडी आणि आपलं साधं, अशी ओळ एकदा शिरली की सगळे टक्के बिघडतात.

वॉरंटीच्या कार्डावर फार वेळ घालवू नका. दहा वर्षांच्या एअरएंड वॉरंटीची खरी किंमत तिच्या अटींत असते: तेल आणि फिल्टर त्यांचेच, सर्व्हिस त्यांच्याच माणसाकडून, वेळच्या वेळी. अटींचा कागद मागा, वार्षिक सर्व्हिसचा खर्च दहा वर्षांचा जोडा, आपलाही तसाच जोडा, आणि दोन्ही बेरजा ग्राहकासमोर ठेवा. आठ हजार तासांच्या तेलाचंही तेच. तो आकडा एका ठरावीक तापमानाला धरलेला असतो, आणि तेल जितकं गरम चालतं तितकं लवकर संपतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, हवा खेळायला खिडकी नसलेल्या कॉम्प्रेसर रूममध्ये, कोणाचंच तेल छापील तास पुरत नाही. तुमचंही नाही.

माहिती गोळा करताना एक मर्यादा पाळा. खोटा ग्राहक बनून स्पर्धकाकडून कोटेशन मागवू नका आणि ग्राहकाने विश्वासाने दाखवलेल्या त्यांच्या कोटेशनचा फोटो ग्रुपवर फिरवू नका. ग्राहकाला ते कळतं, आणि मग तो तुमचंही कोटेशन असंच फिरेल असं धरून चालतो. कार्डं कंपनीच्या आतलीच राहू द्या. बाहेर जाणाऱ्या कागदावर स्पर्धकाचं नाव घालून तुलना करायची असेल, तर ती प्रामाणिक आणि पुराव्यासह असावी लागते. आपल्या ट्रेडमार्क कायद्याला (१९९९) दुसऱ्याच्या नावाचा प्रामाणिक उल्लेख चालतो, पण त्याचा अनुचित फायदा घेणारी किंवा त्याच्या लौकिकाला धक्का देणारी जाहिरात चालत नाही. माझ्या मते ३७ किलोवॅटच्या मशीनसाठी त्या वाटेला जाण्याची गरजच नाही. ग्राहकाला द्यायचा कागद म्हणजे त्याच्या स्वतःच्या गरजेवर केलेलं विजेचं गणित, ज्यात समोरच्याचे आकडे त्याने स्वतः भरायचे.

कार्ड चाललं का, हे वाचून कळत नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये दहा मिनिटं काढा. एकाला ग्राहक करा, त्याला दावा म्हणू द्या, आणि दुसऱ्याने मोबाईलवर कार्ड शोधून बोलायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. पंधरा सेकंदांच्या वर लागले तर कार्डाचं नाव किंवा जागा चुकली आहे. बोलताना तो 'दाखवा' ओळ वाचून दाखवू लागला तर ती ओळ लांब आहे. आणि जो वाक्य बदलून स्वतःच्या शब्दात बोलला, त्याचे शब्द टिपून घ्या, पुढची आवृत्ती त्यातून करा. तुमच्या नऊ जणांत असा एखादा नक्की असेल. बहुधा तोच, जो तक्ता उघडत नाही म्हणून तुम्हाला सर्वांत जास्त राग येतो.

दोन आठवडे एवढ्या दोन-तीन कार्डांवरच चालू द्या. ग्राहक नवीन काही म्हणाला की ते वाक्य जसंच्या तसं, सुधारून न लिहिता, ग्रुपवर टाकायला सांगा. एकच वाक्य तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलं की नवीन कार्ड. नाहीतर तुम्ही कधीही न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं छापत बसाल, आणि सहा महिन्यांत ७२ ओळींच्या जागी ७२ कार्डं होतील.

पण या सगळ्याच्या आधी, या आठवड्यातच, त्या दोन गेलेल्या ग्राहकांना फोन करा. सेल्सच्या मुलाने नव्हे, तुम्ही स्वतः. ऑर्डर परत मागू नका, त्यांनाही ते आवडणार नाही. एवढंच विचारा: "साहेब, आमच्या माहितीसाठी सांगाल का, तुमच्याकडे सरासरी हवा किती लागते, आणि मशीन घेताना किती वाढ धरली होती?" दोघांपैकी एकाने जरी २२० च्या वरचा आकडा सांगितला, तर ती ऑर्डर ब्रोशरमुळे गेलेली नाही. तुम्ही चुकीचा आकार कोट केला होता, आणि तक्त्याच्या पहिल्या ओळीत काय यायला हवं ते तुम्हाला तिथेच कळेल. त्यांनी १७० सांगितलं, तर मशीन बसल्यावर सहा महिन्यांनी त्यांच्या पॅनेलवरचे लोड तास बघायला जाऊ देतील का, तेही विचारून ठेवा.